नऊ पानी एनडीए आणि ३ जूनचा आकडा

११ जून २०२५ च्या रात्री दहा वाजता तिचा व्हॉट्सॲप आला. "ताई, एनडीए पाठवलाय. नऊच पानं आहेत, आणि स्टँडर्ड आहे म्हणाले. उद्या सही करून देऊ ना?"

एनडीए म्हणजे एकमेकांची माहिती गुप्त ठेवण्याचा करार. ती माझ्या धाकट्या बहिणीची वर्गमैत्रीण, म्हणून मी ताई. नाशिकमध्ये तिची तीन माणसांची कंपनी आहे. कांद्याच्या चाळीत किंवा गोदामात एक डबा टांगायचा. हवेतला ओलावा, तापमान आणि सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू हा डबा मोजतो, आणि कोणत्या कप्प्यात सड धरली आहे ते नाकाला वास येण्याआधी मोबाइलवर कळवतो. डब्यातले सेन्सर बाजारात कुणालाही मिळतात. तिची खरी कमाई म्हणजे तीन हंगामांत निफाडकडच्या चाळींमधून गोळा केलेले आकडे. उन्हाळ कांद्यात कोणता वायू, किती ओलावा असताना, कितीवर गेला की सड समजायची, याला ते लोक 'थ्रेशोल्ड' म्हणतात. हे थ्रेशोल्ड हातात आले की तसा डबा इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला जुळवता येईल.

समोरची पार्टी म्हणजे एक मोठी खाद्यप्रक्रिया कंपनी. आपल्या दोन गोदामांत सहा महिने पायलट करून पाहायचा होता, आणि त्याआधी एनडीए.

मी तिला सही थांबवायला सांगितलं आणि एकच विचारलं, "आतापर्यंत त्यांना काही दाखवलंय?" दाखवलं होतं. ३ जूनला कंपनीची चार माणसं एका चाळीवर आली होती, पाऊण तास थांबली, आणि बोलण्याच्या भरात तिच्या पार्टनरनं पहिल्या इशाऱ्याचा आकडा तोंडानं सांगून टाकला होता.

एनडीए वाचून संस्थापकाला तीन गोष्टी काढून द्यायच्या असतात: काय झाकलं आहे, किती दिवस झाकलं आहे, आणि कुठून गळतं. ही तीन उत्तरं त्या त्या शीर्षकाखालीच मिळतील असं धरून वाचलं की माणूस फसतो. या नऊ पानांत मुदत तीन ठिकाणी विखुरली होती आणि सगळ्यात मोठा अपवाद 'संकीर्ण' म्हणून शेवटी टाकलेल्या कलमात होता. म्हणून मी पीडीएफ पहिल्यांदा सरळ वाचते आणि दुसऱ्यांदा शोधपट्टीत शब्द टाकून फिरते: `survive`, `notwithstanding`, `except`, `provided that`, `years`, `days`. जिथे जिथे थांबेन तिथला कलम क्रमांक एका कागदावर जातो, शेजारी कलमाचे मूळ शब्द, आणि त्यापुढे 'आपल्या बाबतीत याचा अर्थ'. कलम क्रमांक नसलेली नोंद मी ठेवत नाही. जे सापडलं नाही तिथे रकाना रिकामा न ठेवता 'नाही' असं लिहिते, कारण रिकामा रकाना बघून पुढे प्रत्येकाला वाटतं की ते कुठेतरी असेल.

व्याप्ती

कलम १.३ मध्ये व्याख्या होती. गोपनीय माहिती म्हणजे एका पक्षानं दुसऱ्याला 'उद्दिष्टासाठी' दिलेली अशी माहिती, जिच्यावर लेखी स्वरूपात 'गोपनीय' असा शिक्का आहे. तोंडी दिली असेल तर देतानाच ती गोपनीय असल्याचं सांगितलेलं असावं आणि १५ दिवसांत लेखी कळवलेलं असावं. करार दोन्ही बाजूंना सारखा लागू, आणि वरही 'म्युच्युअल' असं लिहिलेलं. ऐकायला अगदी न्याय्य.

पण शिक्क्याची अट दोघांवर सारखी पडत नाही. मोठ्या कंपनीची माहिती लेटरहेडवरून, ठरावीक साच्याच्या ईमेलमधून येते आणि खाली गोपनीयतेची ओळ आपोआप चिकटते. छोट्या कंपनीची माहिती फोनवर, व्हॉट्सॲपवर, चाळीत उभ्या उभ्या जाते. थ्रेशोल्डचा तक्ता तिनं एक्सेलमध्ये शिक्क्याशिवाय पाठवला असता, तर या व्याख्येनुसार तो गोपनीय ठरलाच नसता. मग पुढचं तीन वर्षांचं कलम त्याला लागूच झालं नसतं.

त्याहून जाचक होतं परिशिष्ट अ. ते शेवटच्या पानावर, गोदामांच्या पत्त्यांखाली. त्यात लिहिलं होतं की पायलटच्या काळात कंपनीच्या जागेत निर्माण झालेली सगळी माहिती, मग ती कोणत्याही उपकरणातून आलेली असो, शिक्का असो वा नसो, कंपनीची गोपनीय माहिती समजली जाईल. म्हणजे डबा हिचा, सेन्सर हिचे, सर्व्हर हिचा, आणि त्यातून आलेली वाचनं मात्र त्यांची. आता ही ओळ कलम २ ला जोडून वाचा. तिथे 'उद्दिष्ट' म्हणजे 'पायलटचं मूल्यमापन' इतकंच होतं, आणि कलम ३ नुसार गोपनीय माहिती उद्दिष्टाबाहेर वापरायची नाही. तिन्ही ओळी एकत्र आल्या की अर्थ असा होतो: त्या सहा महिन्यांच्या वाचनांवरून तिनं आपले थ्रेशोल्ड सुधारले तर तो करारभंग. शिवाय कलम ६ नुसार करार संपल्यावर ३० दिवसांत ती वाचनं नष्ट करायची.

तिला हे फोनवर समजावताना ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण ताई, पायलट आम्ही फुकटात करतोय ते त्या डेटासाठीच."

हे कराराच्या मसुद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तिनंही मला तोवर सांगितलं नव्हतं. म्हणून मी हल्ली पहिल्याच फोनला विचारते की या व्यवहारातून तुला नक्की काय हवंय. ते माहीत नसताना काढलेली व्याप्ती बरोबर असते, पण उपयोगाची नसते.

३ जूनचं काय

करार लागू होण्याची तारीख कलम १.६ मध्ये 'शेवटची सही झाली तो दिवस' अशी होती. कंपनीकडून सही यायला जूनअखेर उजाडणार हे दिसत होतं. म्हणजे ३ जूनला जे बोललं गेलं ते कराराच्या बाहेर.

बाहेर म्हणजे अगदी उघड्यावर असं नाही. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही; विधी आयोगानं २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा करावा अशी शिफारस केली आहे. पण विश्वासानं दिलेली माहिती परस्पर वापरता येत नाही हे तत्त्व न्यायालयं लेखी कराराशिवायही मानतात. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं वाहिनीपुढे मांडलेल्या मालिकेच्या संकल्पनेला असं संरक्षण दिलं. तक्रार करणाऱ्यानं कोणती माहिती ते नेमकं दाखवावं, ती विश्वासाच्या नात्यात दिली होती हे दाखवावं, आणि ती परवानगीशिवाय वापरली हे दाखवावं, अशी ती चौकट आहे. आता चाळीत तोंडानं सांगितलेला आकडा, चार ऐकणारे, कागद एकही नाही. 'नेमकं दाखवा' इथेच घोडं पेंड खातं.

सोपा उपाय वाटतो तो असा की करार लागू होण्याची तारीखच ३ जून करून टाकावी. मीही आधी तेच लिहिलं होतं. मग कलम ९.१ पुन्हा वाचलं: कराराची मुदत 'लागू होण्याच्या तारखेपासून' दोन वर्षे. सुरुवात मागे ओढली की शेवटही मागे येतो. चार आठवडे फार नाहीत, पण एका वाक्यात काम होत असताना ते सोडायचे कशाला? म्हणून तारीख सहीचीच ठेवली आणि व्याख्येत एक वाक्य घातलं: १ जून २०२५ किंवा त्यानंतर, सहीपूर्वी, याच उद्दिष्टासाठी दिलेली माहितीही या कराराखाली दिलेली समजली जाईल.

आणि १२ जूनला सकाळीच तिला एक ईमेल पाठवायला लावला. तोंडी माहिती १५ दिवसांत लेखी कळवायची ही मसुद्यातली अट, आणि ३ जूनपासूनचे १५ दिवस १८ जूनला भरत होते. करार व्हायचा होता तरी घड्याळ मोजून ठेवायला काय हरकत? ईमेलमध्ये तारीख, जागा, हजर माणसं आणि 'उन्हाळ कांद्यासाठी पहिल्या इशाऱ्याची वायूची पातळी गोपनीय म्हणून सांगितली' एवढंच होतं. तिचा पार्टनर त्यात आकडाही लिहायला निघाला होता. आकडा कशाला? काय सांगितलं ते ओळखता आलं की पुरे. तोंडी निसटलेली गोष्ट आपणच लेखी करून हातात द्यायची नसते. 'देतानाच गोपनीय असल्याचं सांगितलं' ही अट मात्र त्या दिवशी पाळली गेली नव्हती, आणि ते मी कागदावर तसंच लिहून ठेवलं.

मुदत

तिच्या प्रश्नाला कंपनीच्या माणसानं उत्तर दिलं होतं, "तीन वर्षांचा एनडीए आहे." हे वाक्य खोटं नव्हतं, अपुरं होतं. एनडीएत दोन घड्याळं चालतात. एक म्हणजे किती काळात दिलेली माहिती कराराखाली येईल, आणि दुसरं म्हणजे दिलेली माहिती किती काळ गुप्त ठेवायची. इथे पहिलं घड्याळ कलम ९.१ मध्ये दोन वर्षांचं होतं. दुसरं ९.३ मध्ये, तीन वर्षांचं, पण 'त्या त्या माहितीच्या देण्याच्या तारखेपासून'.

या शेवटच्या शब्दांचा परिणाम तारखा मांडल्याशिवाय दिसत नाही. समजा १ जुलै २०२५ ला सही झाली. ७ जुलैला तिनं थ्रेशोल्डचा तक्ता दिला, तर त्याचं संरक्षण जुलै २०२८ मध्ये संपेल. जून २०२७ मध्ये दिलेला किरकोळ अहवाल मात्र जून २०३० पर्यंत गुप्त राहील. पायलटमध्ये सगळ्यात मोलाची माहिती सुरुवातीला द्यावी लागते, नाहीतर डबा चालूच होत नाही. म्हणजे या शब्दयोजनेत सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यात आधी मोकळी होणार.

'करार संपल्यापासून तीन वर्षे' असं केलं तर सगळ्याच माहितीला ३० जून २०३० ही एक तारीख मिळते. पण ९.२ नुसार कोणीही ३० दिवसांच्या नोटिशीनं करार संपवू शकत होतं. पायलट आवडला नाही म्हणून कंपनीनं ३१ डिसेंबर २०२५ ला करार संपवला, तर तीन वर्षे २०२८ अखेर भरतात. शेवटी लिहिलं ते असं: लागू होण्याच्या तारखेपासून पाच वर्षे किंवा करार संपल्यापासून तीन वर्षे, यांतलं जे उशिरा येईल ते. आणि थ्रेशोल्डसाठी वेगळं वाक्य: ते घेणाऱ्याच्या चुकीशिवाय सार्वजनिक होत नाहीत तोवर. सगळ्याच माहितीसाठी 'कायमचं' मागितलं की समोरचा वकील बिथरतो. एका नाव घेतलेल्या तक्त्यासाठी मागितलं की बहुतेक वेळा मिळतं.

मुदतीचा तिसरा तुकडा ९.४ मध्ये होता, आणि तो मला जवळजवळ निसटला. करार संपल्यावर सगळे हक्क आणि जबाबदाऱ्या संपतील, कलम ६, १० आणि ११ वगळता. त्या यादीत कलम ३ नव्हतंच. कलम ३ म्हणजे गुप्त ठेवण्याची मूळ जबाबदारी! ९.३ म्हणतं तीन वर्षे चालेल, ९.४ म्हणतं संपली. यात डाव नसावा. जुन्या मसुद्यात मध्ये एखादं कलम वाढलं, बाकीच्यांचे क्रमांक सरकले आणि यादी तशीच राहिली, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पण भांडण झालं की दोन कलमांतली ही फट दुसऱ्या बाजूचा वकील आधी शोधतो. यादीतला प्रत्येक क्रमांक काढून त्या कलमावर बोट ठेवून बघायचं, त्याला दोन मिनिटं लागतात.

अपवाद

कलम ४ मध्ये नेहमीचे चार अपवाद होते: आधीच सार्वजनिक असलेली माहिती, घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली, आणि घेणाऱ्यानं स्वतंत्रपणे तयार केलेली. हे चारही योग्य आहेत, ते काढा म्हणून भांडण्यात अर्थ नाही. बघायचं असतं की सिद्ध कुणी करायचं. मसुदा त्यावर मूक होता. 'आधीच ठाऊक' आणि 'स्वतंत्रपणे तयार केलेली' या दोन अपवादांना 'त्या वेळच्या लेखी नोंदींवरून दाखवता येईल अशी' एवढी पुस्ती जोडली. नाहीतर दोन वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेतून तसाच डबा निघाला आणि ते म्हणाले की आमचं काम आधीपासून चालूच होतं, तर हिच्या हातात काय?

सार्वजनिक माहितीच्या अपवादाला दुसरं वाक्य जोडलं: सुटे भाग सार्वजनिक आहेत म्हणून त्यांची विशिष्ट जुळणी सार्वजनिक ठरत नाही. हिचे सगळे सेन्सर कॅटलॉगमध्ये आहेत, त्यामुळे हे वाक्य नसतं तर हा अपवाद तिच्या डब्यावर नेम धरून बसला होता.

याच अपवादाशी पेटंटचा धागा बांधलेला असतो आणि तो एनडीएत कुठेच दिसत नाही. तिनं १० फेब्रुवारी २०२५ ला प्रोव्हिजनल अर्ज भरला होता. पूर्ण तपशिलाचा अर्ज १२ महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत भरायचा. भरला तर पहिल्या तारखेपासून १८ महिने झाले की अर्ज प्रसिद्ध होतो, म्हणजे ऑगस्ट २०२६ च्या सुमारास. त्या दिवसापासून अर्जातलं सगळं सार्वजनिक, आणि एनडीएची त्यावरची पकड सुटते. पुढे राखण करायची ती पेटंटनं. म्हणून माझ्या कागदावर माहितीचे दोन भाग पडले: अर्जात असलेली आणि नसलेली. डब्यातली हवेची वाट आणि सेन्सरची मांडणी अर्जात होती, थ्रेशोल्ड नव्हते. पूर्ण अर्जात शोध वापरण्याची आपल्याला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत सांगावी लागते, त्यामुळे थ्रेशोल्ड बाहेर ठेवता येतील का, हा प्रश्न तिनं पेटंट एजंटला विचारायचा होता. मी त्यावर मत दिलं नाही.

आणि मग कलम १२.७. शीर्षक 'संकीर्ण', आणि `notwithstanding` शोधताना हाती लागलेलं. या करारात काहीही म्हटलेलं असलं तरी, घेणाऱ्याच्या कर्मचाऱ्यांच्या स्मरणात सहज राहिलेली माहिती ते कोणत्याही कामासाठी वापरू शकतील. याला रेसिड्युअल्सचं कलम म्हणतात. मोठ्या कंपन्यांची बाजू अशी की आमचे इंजिनिअर दहा जणांशी बोलतात, कुणाच्या डोक्यात काय राहिलं याचा हिशेब कसा ठेवायचा? मुद्दा अगदीच फोल नाही. पण थ्रेशोल्ड म्हणजे पाच-सहा आकडे. ते लक्षात ठेवायला कागद लागत नाही. चारपानी व्याख्या, तीन वर्षांची मुदत, सगळं एका ओळीनं पोकळ होत होतं, आणि ३ जूनचा आकडा तर कुणाच्या तरी स्मरणातच होता.

काय मिळालं, काय नाही

तीन ईमेल आणि एक फोन झाला. त्यांच्या वकील बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. शिक्क्याऐवजी 'स्वरूप आणि परिस्थिती पाहता शहाण्या माणसाला गोपनीय वाटेल अशी' माहिती धरायला त्या लगेच तयार झाल्या. त्यामुळे ३ जूनची न पाळलेली अटही आपोआप निकालात निघाली. ९.४ ची चूक त्यांनी स्वतःच "अरेच्चा" म्हणून दुरुस्त केली. मुदतीचं नवं वाक्य मान्य झालं. परिशिष्ट अ वर आठवडा गेला: साठ्याचं प्रमाण, खरेदीचे भाव आणि गोदामांची ओळख कंपनीची गोपनीय माहिती, या तिन्ही गोष्टी काढून उरलेली सेन्सरची वाचनं तिला आपलं उत्पादन सुधारायला वापरता येतील आणि नष्ट करावी लागणार नाहीत.

१२.७ काढायला त्या तयार झाल्या नाहीत, मुख्यालयाचं धोरण म्हणाल्या. 'आकडे, तक्ते, रेखाचित्रं आणि सोर्स कोड वगळून' एवढे शब्द मिळाले. पण कुणाच्या डोक्यातला आकडा कोर्टात कसा दाखवायचा ही अडचण शब्दांनी जात नाही. म्हणून शेवटी कराराबाहेरचा निर्णय घेतला: थ्रेशोल्डचा तक्ता त्यांना द्यायचाच नाही. डबा वाचनं तिच्या सर्व्हरला पाठवेल, आणि कंपनीच्या स्क्रीनवर फक्त कप्पा क्रमांक आणि हिरवा, पिवळा, लाल असा रंग दिसेल. त्यांच्या अभियंत्याला हे फारसं रुचलं नाही, पण चाललं.

१ जुलैला सह्या झाल्या. माझा कागद तीन पानांवरून एका पानावर आला, आणि तो तिच्या ऑफिसमध्ये कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्याशेजारी ती एक वही ठेवते: तारीख, कुणाला, काय दिलं, कसं दिलं, पेटंट अर्जात आहे की नाही. वहीतली पहिली नोंद ३ जूनची आहे. 'काय दिलं' या रकान्यात पार्टनरनं आधी आकडा लिहिला होता. तिनं तो काळ्या पेनानं गिरवून बुजवला आणि वर लिहिलं, 'पहिल्या इशाऱ्याची पातळी, तोंडी'.